लीजला कॅश क्रेडिटचाच दर लावायचा का?

नवा अकाउंटंट: कंपनीला लीजच्या हिशेबाचं मानक इंड एएस ११६ लागू आहे. ऑफिसचं भाडं वर्षाला १२ लाख, करार ५ वर्षांचा, पैसे दरवर्षी सुरुवातीला. बँकेचा सीसीचा दर १२ टक्के, म्हणून `=PV(12%,5,-12)` केलं. लायबिलिटी ४३.२६ लाख आली. बरोबर आहे का?

ऑडिटवाला: दराआधी हप्ते बघ. एक्सेलने पहिलं भाडं वर्षाअखेरी धरलं, तू ते पहिल्याच दिवशी देतोस. दिलेले पैसे देणं राहत नाहीत. लायबिलिटी उरलेल्या चार हप्त्यांचीच. पहिले १२ लाख थेट आरओयू, म्हणजे जागा वापरण्याच्या हक्काच्या, असेटमध्ये जातात.

दरही पटत नाही. सीसी स्टॉक आणि येणी तारण ठेवून मिळते, दर वर्षी नव्याने मंजूर होते. तुला हवा तो दर असा: एवढीच मालमत्ता घ्यायला, पाच वर्षांसाठी, तशाच तारणावर बँक कितीने कर्ज देईल? समजा १० टक्के. मग `=PV(10%,4,-12)` म्हणजे ३८.०४ लाख, आणि असेट ५०.०४.

ट्रेझरी: हप्त्यांचं मान्य. दराचं नाही. १२ टक्के सँक्शन लेटरवर छापलेत, तुमचे १० कुठे छापलेत? उद्या ऑडिटरने कागद मागितला की काय दाखवणार?

ऑडिटवाला: बँकेकडून पाच वर्षांच्या टर्म लोनचं लेखी कोटेशन. कागद असला म्हणजे दर योग्य झाला असं नाही. १२ लावलेस तर लायबिलिटी ३६.४५ दिसते, दीड लाखाहून जास्त कर्ज ताळेबंदातून गायब.

ट्रेझरी: कोटेशन मान्य. पण ते कराराच्या सुरुवातीच्या तारखेचं हवं, मार्चमध्ये घाईने मागवलेलं नको.

दुकानदार: माझा गाळा ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, दरवर्षी नवा करार. मलाही हे करावं लागेल?

ऑडिटवाला: साधं प्रोप्रायटरी दुकान असेल तर इंड एएस तुम्हाला लागूच नाही. कंपन्यांनी मात्र ११ महिन्यांच्या आडोशाला जाऊ नये. लाखोंचं फर्निचर केलंय, नूतनीकरणाचा हक्क आहे आणि तो वापरणार हे जवळपास नक्की आहे, तर ती वर्षंही मुदतीत धरायची.

नवा अकाउंटंट: १० टक्क्यांनी तक्ता केला. वर्षाचं व्याज ३.८०, दुसरं भाडं दिल्यावर लायबिलिटी २९.८४. शेवटच्या हप्त्यानंतर शून्य. ६ लाखांचं बिनव्याजी डिपॉझिटही लायबिलिटीत घालू?

ट्रेझरी: घाल, पैसे तर तेही मालकालाच गेले.

ऑडिटवाला: नको, ते परत येणार आहे. ते वेगळं येणं. १० टक्क्यांनी आजची किंमत ३.७३ लाख, फरकाचे २.२७ असेटमध्ये, त्यामुळे असेट ५२.३१.

ट्रेझरी: पण जोखीम आहे ती मालकाने डिपॉझिट बुडवण्याची. तिथे आपला कर्जाचा दर कसा चालेल?

ऑडिटवाला: तत्त्वतः मालकाचाच दर हवा. पण मालक खासगी गृहस्थ, त्याचा दर काढायचा कुठून? मी आपलाच दर धरून कारण लिहून ठेवतो. तुमच्याकडे यापेक्षा चांगली रीत असेल तर सांगा.