उताराचा तळ आणि क्लोरीन

> पन्हाळा रोडच्या फार्महाऊसवरचा पूल २० बाय ८ मीटर. पाणी १ ते २.४ मीटर, म्हणजे सरासरीनं २७२ घनमीटर. पहिले १० मीटर तळ सपाट, मग उतार. क्लोरीन २ पीपीएम वाढवायला पावडर किती?

भावा, घोळ त्या सपाट भागातच आहे. दोन टोकांची सरासरी एकसारख्या उतारालाच चालते. तुझे दोन तुकडे कर: सपाट भाग १०×८×१ = ८०, उताराचा १०×८×१.७ = १३६. एकूण २१६ घनमीटर. खोली मात्र काठापासून नको, पाण्याच्या पातळीपासून मोज.

१ पीपीएम म्हणजे घनमीटरला १ ग्रॅम, म्हणून ४३२ ग्रॅम क्लोरीन. ६५ टक्केवाली पावडर असेल तर ६६५ ग्रॅम. तुझ्या हिशेबानं ८३७ पडली असती. ग्रामपंचायतीतली टीसीएल वेगळी, साधारण ३३ टक्क्यांची, तीही जुनी झाली की उतरते. पावडर बादलीभर पाण्यात टाक, पावडरीवर पाणी ओतू नको.