मदत हवी आहे: ढोलवाला आणि खडूस काका, शेवट जमत नाहीये

कोथरूडकर_२२
लघुकथेची पटकथा लिहितोय, शुक्रवारी द्यायचीय. मुलगा विसर्जन मिरवणुकीआधी रोज रात्री प्रॅक्टिस करतो, शेजारचे काका भांडतात आणि शेवटी ऐकतात. पण ते का ऐकतात हेच सुचत नाहीये, आत्ता ते अनंत चतुर्दशीला अचानक रडतात आणि ते खोटं वाटतंय. लवकर सांगा प्लीज.

नदीकाठ
तो ढोल वाजवतो की ताशा? आणि कुठे, घरात? पथकाचा सराव तर नदीपात्रात असतो.

विधिज्ञ_आजोबा
रात्री १० ते सकाळी ६ वाद्य वाजवायला बंदी आहे, २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम वाचा. काकांनी ११२ वर फोन करावा.

कोथरूडकर_२२
आजोबा मला तक्रार करायची नाहीये हो, गोष्ट लिहायचीय. ढोल. पथकातून आल्यावर घरी, काका खालच्या मजल्यावर.

नदीकाठ
मग पहिली चूक तिथेच आहे, फ्लॅटमध्ये रात्री कोणी ढोल बांधत नाही. मी नवीन असताना जुन्या टायरवर टिपरू मारायचो, हात बसेपर्यंत. आपल्याला वाटतं आवाज नाही, पण टायर जमिनीवर असला की ठोका स्लॅबमधून खाली जातो. काकांना ढोल ऐकूच येत नाही, नुसती ठकठक. आणि एकटा वाजवताना समोर ताशा नसतो ना, त्यामुळे लय पळते, तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला हमखास. काका रोज तीच चूक ऐकतायत असं कर.

मीनल_पुणे
सोप्पं आहे, काका स्वतः तरुणपणी ताशा वाजवायचे असं दाखव. माझे मामा असेच होते.

नदीकाठ
ताई, हे प्रत्येक एकांकिकेत असतं. काकांना वाद्यातलं काही कळायला नको. ते चिडून काठीने छताला ठोकतात, एकसारखं, आणि वर मुलाला पहिल्यांदा लय मिळते, तो त्या ठोक्यांवर वाजवतो. काकांच्या लक्षात येतं की वरचा पळत नाहीये. तिथे ते ऐकायला लागतात.

मीनल_पुणे
चिडलेला माणूस लयीत ठोकेल का पण?

नदीकाठ
पहिल्या रात्री नाही ठोकणार. चार-पाच रात्री दाखव, थकला की हात आपोआप एकसारखा पडतो.

चामडंच_खरं
ढोलाला पान कुठलं दाखवणार? फायबर नको, चामड्याची थाप वेगळीच.

नदीकाठ
पावसात उतरतं ते चामडं, दर तासाला ताण ओढत बसा. आणि घरी टायर आहे, पानाचा संबंध काय?

चामडंच_खरं
मिरवणुकीच्या सीनला आहे ना संबंध.

कोथरूडकर_२२
छताचं घेतो!! म्हणजे एक रात्र मुलगा वाजवत नाही आणि खालून काठी वाजते, असं केलं तर? मग काकांना लक्ष्मी रोडला न्यायचं की नाही?

मीनल_पुणे
न्यायचंच, ताशा ऐकू दे त्यांना.

नदीकाठ
मी नसतं नेलं. गर्दीत त्यांना याचा ढोल वेगळा कसा ऐकू येणार?