‘घाचर घोचर’ : या घरावर माया करायची की त्याची भीती बाळगायची?

शेवंती : विवेक शानभाग यांची ‘घाचर घोचर’ ही कन्नड कादंबरी काल रात्री संपवली. मूळ कन्नड येत नाही, श्रीनाथ पेरूर यांचा इंग्रजी अनुवाद वाचला. वाचून झाल्यावर मला फसवल्यासारखं वाटलं. आधी लेखक आपल्याला त्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक खोल्यांच्या घरात नेतो. तिथे निवेदकाच्या वडिलांचा, अप्पांचा हिशेब लागत नाही म्हणून सगळं घर रात्री जागत बसतं. आपण त्यांच्यावर जीव लावतो. मग पैसा येतो आणि तीच माणसं दारात आलेल्या बाईवर तुटून पडतात. आधी माया लावायची आणि नंतर निर्दय व्हायचं, ही वाचकाच्या भावनांशी केलेली लबाडी नाही का?

कृष्णाकाठ : शेवंती, पुस्तक हाताशी असेल तर क्रम पुन्हा बघा. निवेदकाच्या काकाला, चिक्कप्पाला भेटायला सुहासिनी येते तो प्रसंग कादंबरीत बराच आधी आहे. ती मसुराच्या आमटीचा डबा घेऊन येते, ‘तुव्वी आलीय म्हणून सांगा’ म्हणते. निवेदकाची आई आणि बहीण मालती तिला नको नको ते बोलतात, आमटी सांडते. चिक्कप्पा घरात असून बाहेर येत नाही. हे सगळं वाचल्यानंतर आपण जुन्या घरात शिरतो.

आयुष्यात गरिबी आधी आली म्हणून आपल्या आठवणीत मायाही आधी जाऊन बसते. माझंही पहिल्या वाचनानंतर असंच झालं होतं, आणि मला तेच या कादंबरीचं मोठं काम वाटतं. या माणसांनी एका बाईला दारातून कसं हाकललं हे आपल्याला माहीत असतं, तरी हिशेबाच्या रात्री आपण त्यांच्यासोबत बेरजा करतो. लेखकाने काहीच लपवलेलं नाही. क्षमा आपण करतो, तीही कुणी मागितलेली नसताना.

रानवारा : क्रमाचं मान्य. पण इतका मोठा अर्थ काढायची गरज नाही. साधी गोष्ट आहे, पैशाने माणसं बिघडली. चिक्कप्पाचा मसाल्याचा धंदा, सोना मसाला सुरू होण्याआधी हे घर चांगलं होतं, नंतर नासलं. निवेदक स्वतः पैशाबद्दल तसं म्हणतोच. तो बिचारा तर भिडस्त आहे, बायको आणि आई यांच्यामध्ये चिरडला गेलेला. मला शेवटपर्यंत त्याची दयाच आली.

कृष्णाकाठ : पैशाने बळ आलं हे खरं. नवऱ्याच्या घरातून दागिने आणायला मालती गुंड घेऊन जाते, ते जुन्या घरात असताना जमलं नसतं. पण ‘आधी चांगलं होतं’ म्हणताना तुम्ही मुंग्या विसरताय. मुंग्यांचं युद्ध त्या जुन्या, गरीब घरातलंच आहे. सगळे मिळून मुंग्या मारतात, आणि त्या मारण्यात नुसती गरज नसते, चवही असते. मुख्य म्हणजे ते सांगताना निवेदकाचा आवाज बदलत नाही. गॅसची शेगडी घ्यायची ठरते तेव्हाची घरभरची उत्सुकता तो ज्या घरगुती, थोड्या हसऱ्या सुरात सांगतो, त्याच सुरात मुंग्याही सांगतो. म्हणून आपण हसतो. पुढे हीच माणसं निवेदकाच्या बायकोशी, अनिताशी कशी वागतात ते बघताना मला ते हसणं आठवलं आणि अंगावर काटा आला.

तेव्हा शेवंती म्हणतात तसा सूर एकदा मायेचा आणि एकदा क्रूर होतो, असं मला वाटत नाही. सूर एकच राहतो. प्रसंग मात्र बदलत जातात, आणि आपल्या लक्षात यायला उशीर होतो.

माजघर : मी यात साहित्याचं काही बोलू शकणार नाही, पण राहवत नाही. आमच्याकडे दुकान काकांचं होतं. काकांची झोप मोडू नये म्हणून आम्ही मुलं दुपारी कुजबुजत बोलायचो, आणि गरम पोळी पहिली त्यांच्या ताटात पडायची. मला ते प्रेम वाटायचं. धाकट्या काकूने एकदा जेवताना दुकानाच्या पैशाबद्दल प्रश्न विचारला. त्यानंतर कित्येक महिने तिच्याशी कुणी धड बोललं नाही, मीसुद्धा. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. चिक्कप्पाची ती बडदास्त वाचताना मला पुस्तक खाली ठेवावं लागलं. तुम्ही म्हणता तशी माणसं क्रूर असतात का? आमची नव्हती हो.

शेवंती : माजघर, तुमच्या माणसांना क्रूर म्हणायचं नव्हतं मला. पण तुमच्या लिहिण्यात ‘मीसुद्धा’ आलं, ते निवेदकाच्या तोंडून कधी येत नाही. रानवारांना मी तेच म्हणेन. सुहासिनीच्या वेळी तो तिथेच असतो. सगळं नीट बघतो, बारकाईने सांगतो आणि काही करत नाही. मला त्याची दया आली नाही, राग आला.

रानवारा : राग यावा इतकं त्याच्या हातात काय होतं? कंपनीत नावाला संचालक, काम काही नाही, पगार चिक्कप्पाच्या मर्जीचा. आणि उटीला मधुचंद्राच्या रात्री परकराच्या नाडीची गाठ सुटत नाही तेव्हा अनिता तिच्या माहेरचा, लहानपणीचा शब्द ‘घाचर घोचर’ त्याला देते. तिच्या घराबाहेर तो कुणाला माहीत नसतो. तिथे हा माणूस किती कोवळा दिसतो. तो कोवळेपणा खोटा आहे असं म्हणणार का?

कृष्णाकाठ : खोटा अजिबात नाही. म्हणून तर पुढचं सहन होत नाही. पण त्याच्या हातात काही नव्हतं, हे मला पटत नाही. गप्प राहणं त्याच्या हातात होतं आणि ते त्याने नीट केलं.

बेळगावकर : मी कन्नड आणि इंग्रजी दोन्ही वाचलंय. एक गोष्ट भाषेची. आजच्या कन्नडात ‘नावु’ हा एकच शब्द आहे. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. मराठीत ‘आम्ही मुंग्या मारायचो’ म्हटलं की वाचक दाराबाहेर उभा राहतो, ‘आपण’ म्हटलं की आत येतो. ‘नावु’ हे ठरवूनच देत नाही. मूळ वाचताना मी घरात आहे की बाहेर, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. इंग्रजीतही एकच शब्द असल्यामुळे तो धूसरपणा बऱ्यापैकी टिकतो. पण इंग्रजीतला थंडपणा मला मूळ कन्नडात तेवढा जाणवला नाही. तिथे आईचं बोलणं जास्त ऊबदार आहे, आणि त्यामुळे ते जास्त लागतं.

शेवंती : हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. म्हणजे मी जो कोरडा सूर म्हणतेय, त्यातला थोडा अनुवादाचा असू शकतो?

बेळगावकर : थोडा. पण पेरूरांवर ढकलू नका, रचना लेखकाचीच आहे. अनिता हैदराबादला गेलेली आणि इकडे चहा घेत घरातली माणसं कुणाला कसं मारतात यावर गप्पा मारतात, ते दोन्ही भाषांत सारखंच खुशीत चालतं.

रानवारा : त्या गप्पांवरून तिला मारलं असं ठरवणं घाईचं आहे. पुस्तकात तसं कुठेही म्हटलेलं नाही.

कृष्णाकाठ : नाही म्हटलेलं. इथे मी तुमच्याशी सहमत आहे. काय झालं ते मलाही सांगता येणार नाही.

माजघर : मला शेवटी कॉफी हाउसमधला व्हिन्सेंट आठवतो. हाताला रक्त लागलंय, धुऊन घ्या, असं तो सांगतो. घरातलं कुणी नाही, वेटर सांगतो. काकू अजून आहेत, पुण्यात असतात. रविवारी फोन करणार आहे, काय बोलायचं ते ठरत नाहीये.