"आधी स्कोप कमी करू" म्हणणाऱ्या उमेदवाराला नापास करायचं का?

अंबड_लिंकरोड:
काल प्रोजेक्ट मॅनेजरच्या जागेसाठी मुलाखती घेतल्या. एकाला विचारलं, काम पाच आठवडे मागे पडलंय, तारीख हलणार नाही, काय कराल? म्हणे, "आधी स्कोप कमी करू." मी तिथेच थांबवलं. कबूल केलेलं काम ज्याला पूर्ण करता येत नाही तो मॅनेजर कसला? माणसं वाढवा, रविवार लावा, काम काढा. चुकलं का माझं?

दिंडोरीवाट:
चुकलं. आणि राग आला म्हणून सविस्तर लिहितोय.

दिंडोरी तालुक्यात द्राक्षाच्या पॅकहाऊसचं काम माझ्याकडे होतं. चार प्रीकूलिंग खोल्या, एक कोल्ड स्टोअर, ग्रेडिंगचा हॉल. १० जानेवारीला माल आत घ्यायचा होता. बाग तयार झाली की ती थांबत नाही, म्हणून तारीख खरोखर दगडावरची. नोव्हेंबरच्या मध्याला आम्ही पाच आठवडे मागे होतो.

मी आधी शोधलं ते हे, की पाच आठवडे गेले कुठे. सगळे पावसाचं नाव घेत होते. साइटची डायरी काढून बसलो तर पावसाचे दोनच आठवडे निघाले. बाकी तीन मालकांच्या एका वाक्याचे होते. सप्टेंबरात साइटवर उभं राहून ते म्हणाले होते, "हॉलची उंची वाढवा, पुढे मोठं मशीन बसवायचंय." सगळ्यांनी मान डोलावली. कागद नाही, किती दिवस वाढतील याचा हिशेब नाही, आणि स्ट्रक्चरची ड्रॉइंग पुन्हा झाली. नोव्हेंबरातही असे तोंडी बदल चालूच होते. ते बंद न करता तुम्ही शंभर माणसं आणली असती तरी काम मागेच राहिलं असतं.

मग उरलेलं काम नव्याने मांडलं. तारीख एका साखळीवर उभी होती: फरशीचं काँक्रीट, भिंतींचे पॅनेल, गॅसची पाइपलाइन, प्रेशर टेस्ट, व्हॅक्यूम, गॅस भरणं, ट्रायल. दोन खोल्यांची फरशी चालू असताना दुसऱ्या दोन खोल्यांत पॅनेल उभे केले, दीड आठवडा वाचला. वेल्डरची दुसरी टीम आणली, कारण खोल्यांच्या लाइनी वेगळ्या होत्या. तिथे माणसं कामी आली, एक आठवडा वाचला. पण काँक्रीट माणसं वाढवून लवकर पिकत नाही. अडीच आठवडे उरलेच.

म्हणून क्रम बदलला. १० जानेवारीला दोन खोल्या आणि कोल्ड स्टोअर, उरलेल्या दोन खोल्या २८ तारखेला, हॉलची रंगरंगोटी हंगामानंतर. एका खोलीत पाच टन बसतात, दिवसाला दोन फेऱ्या होतात, म्हणजे दोन खोल्यांत २० टन. पहिल्या पंधरवड्यात बागांतून येणारा माल रोज १५ टनांच्या आसपास धरला होता. तुमच्या उमेदवाराला हे म्हणायचं होतं का ते तुम्ही विचारलंच नाहीत.

अंबड_लिंकरोड:
दादा, तुमचं पॅकहाऊस दोन खोल्यांवर चाललं. मी मशीन बनवून देतो. अर्धं मशीन कोण घेतं? करारात उशिराचा दंड असतो. २०१९ मध्ये एक मशीन तीन आठवडे मागे होतं, सहा वायरमन वाढवले, चार रविवार लावले, वेळेत गेलं. हा अनुभव आहे, पुस्तक नाही.

सातपूरकर:
तुमच्या मशीनला वायरिंगचे पॅनेल किती होते?

अंबड_लिंकरोड:
चार. वेगवेगळे.

सातपूरकर:
मग म्हणूनच जमलं. चार पॅनेलवर चार जोड्या बसतात. तेच मशीन चालवणाऱ्या पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये अडकलं असतं तर सहा माणसं एकाच लॅपटॉपमागे उभी राहिली असती, आणि जुन्या माणसाचा आठवडा नव्यांना समजावण्यातच गेला असता.

गोदाकाठ:
मूळ दुखणं वेगळं आहे. हल्ली पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रमाणपत्र केलेले येतात, साइटचा चिखल पाहिलेला नसतो आणि मोठमोठे शब्द फेकतात. आमच्याकडे असाच एक होता. ठरलेल्या कामापैकी किती झालं ते सांगणारा एसपीआय दर सोमवारी ०.९६ दाखवायचा. सगळे खूश. शेवटी काम दोन महिने उशिरा.

मखमलाबाद_नाका:
गोदाकाठ, मी पीएमपी आहे आणि नऊ वर्षं साइटवर आहे. परीक्षेला बसायलाच पदवी असली तरी ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव लागतो. चिखल न पाहिलेला म्हणायच्या आधी एवढं तरी बघा.

गोदाकाठ:
ताई, अनुभव कागदावर कसा लिहितात ते मलाही माहीत आहे. आमच्यावर दोन महिने भोगायची वेळ आली.

मखमलाबाद_नाका:
भोगलंत हे खरं, पण दोष कागदाला देऊ नका. तो आकडा पैशात मोजतात. सिव्हिल महाग असतं, ते झालं की आकडा फुगतो. पाइपलाइन स्वस्त, ती सुरूच नसेल तरी आकड्यात जेमतेम दिसते, आणि तारीख अडते तिथेच. शिवाय काम संपत आलं की उशीर असला तरी तो आकडा १ कडेच जातो. तुमच्या माणसाने आकड्याशेजारी त्या एका साखळीची तारीख दाखवायला हवी होती. मुलाखतीत मी हेच विचारते: ०.९६ आहे, निश्चिंत राहाल का? "हो" म्हणणारे मी घेत नाही.

गोदाकाठ:
हे आमच्यात कोणीच विचारलं नाही, एवढं मान्य. प्रमाणपत्राबद्दलचं मत माझं तेच आहे.

सिन्नर_फाटा:
मंगळवारी माझी मुलाखत आहे, सॉफ्टवेअरची. शॉप फ्लोअरवर आणि ऑफिसात दोन्हीकडे तीच भांडणं असतात. मालक एक म्हणतो, ग्राहक दुसरं. "दोघांना एकत्र बसवीन" एवढं सांगितलं तर चालेल का? आणि पगार किती मागावा?

दिंडोरीवाट:
पगाराचं मला विचारू नका. एकत्र बसवण्याचं सांगतो. मी रिकाम्या हाताने बसवलं तेव्हा दोन तास भांडण झालं. मालकांना उद्घाटनाआधी हॉल चकाचक हवा होता, माल घेणाऱ्या निर्यातदाराला थंड खोल्या, आणि पैसे देणाऱ्या धाकट्या भावाला एक रुपया जास्त नको. दुसऱ्या वेळी एक पान घेऊन गेलो. तीन पर्याय, प्रत्येकासमोर तारीख, जादा खर्च आणि काय राहील ते. २० टन आणि १५ टन त्याच पानावर होतं. मालकांनी पानाकडे बराच वेळ पाहिलं, भावाला विचारलं आणि दुसऱ्या पर्यायाखाली सही केली. त्या दिवसापासून तोंडी बदल बंद. ज्याच्याकडे निर्णयाचा हक्क आहे त्याचीच सही घ्या, सगळ्यांचं एकमत व्हायची वाट बघू नका.

आणि धोका विचारला तर यादी वाचून दाखवू नका. आमच्या यादीत "वीज जोडणी उशिरा येऊ शकते" असं जुलैपासून लिहिलेलं होतं आणि कोणी काही करत नव्हतं. मी त्यापुढे तारीख आणि नाव लिहिलं: १० डिसेंबरपर्यंत ट्रान्सफॉर्मरची टेस्ट झाली नाही तर स्टोअरचा सुपरवायझर त्याच दिवशी भाड्याच्या जनरेटरला ॲडव्हान्स देईल. हंगामात इकडे जनरेटर मिळत नाही. जोडणी १९ जानेवारीला आली. नऊ दिवस जनरेटरवर काढले, डिझेलचा खर्च लागला, माल खराब झाला नाही.

अंबड_लिंकरोड:
ठीक आहे. "स्कोप कमी करू" ऐकल्यावर मी पुढचा प्रश्न विचारायला हवा होता, हे मानतो. पण त्यानेही "ग्राहकाची सही घेऊन" असं म्हणायला हवं होतं. ते न म्हणणारा उद्या माझ्या ग्राहकाला परस्पर कमी काम देईल. त्याला पुन्हा बोलावतो, आणि काय कमी करणार, कोणाला विचारून, तेवढंच विचारतो.

सातपूरकर:
रविवारचंही विचारा. चार रविवार सलग लावल्यावर पाचव्या आठवड्यात किती काम पुन्हा करावं लागलं, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

अंबड_लिंकरोड:
दोन पॅनेलच्या वायरी पुन्हा ओढल्या. तरी तारीख गाठली होती, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा लावीन.