रिमाइंडर किती दिवस आधी आणि किती वेळा?

सायली:
नमस्कार मंडळी, कार्यक्रम शनिवारी २० तारखेला आहे, आमंत्रण जाऊन दोन आठवडे झाले तरी निम्म्या लोकांचं उत्तर नाही. आता रिमाइंडर कधी आणि किती वेळा पाठवायचे? लोक वैतागायला नकोत.

अविनाश:
माझं मत, आठवडाभर रोज ग्रुपवर टाका. लोक विसरतात, सारखं डोळ्यासमोर पाहिजे.

मेधाताई:
अविनाश, लोक विसरतात हे खरं, पण रोज टाकलं की चौथ्या दिवसापासून कोणी वाचत नाही, आणि ज्यांनी आधीच "येतोय" कळवलंय तेच सगळ्यात जास्त चिडतात. "मी तर सांगितलं होतं ना" अशी उत्तरं यायला लागली की समजायचं, यादी गाळलेली नाही.

सायली, कार्यक्रमाच्या तारखेपासून नको मोजूस, हॉलवाल्यांना पक्का आकडा कधी द्यायचाय तिथून मागे मोज. समज शुक्रवारी १२ला द्यायचाय, तर लोकांना मंगळवार ९ ही शेवटची तारीख सांग, मध्ये दोन दिवस हाताशी राहतात. पहिला रिमाइंडर शुक्रवारी ५ला संध्याकाळी, म्हणजे शनिवार-रविवार घरात बोलून ठरवता येतं, आणि तो फक्त उत्तर न दिलेल्यांना. विषयातच लिही, "९ तारखेपर्यंत कळवा, किती जण?" ९ला सकाळी दोन ओळींचा दुसरा. तरी गप्प असतील त्यांना १०-११ला सरळ फोन, तिसरी मेल नको.

जे येणार आहेत त्यांना एकच मेल, गुरुवारी १८ला: पत्ता, गाडी कुठे लावायची, दार किती वाजता उघडणार. कार्यक्रमाच्या दिवशी काही बदललं तरच मेसेज.

विनय:
मला तर वर्गणीचे तीन रिमाइंडर आले, मी जानेवारीतच भरली होती! ते आधी थांबवा प्लीज.

सायली:
विनयदादा, ते वेगळं आहे पण खजिनदारांना कळवते. मेधाताई, एक अडचण, नवऱ्याने फॉर्म भरला की बायकोचा ईमेल यादीत "उत्तर नाही" मध्येच राहतो.

मेधाताई:
हो, तिथेच घोळ होतो. पाठवायच्या आधी यादी घराप्रमाणे लाव, एका घरातून एक उत्तर आलं की त्या घरातले सगळे ईमेल काढ. हे हातानेच करावं लागतं, तासभर जातो पण करच. आणि "येणार नाही" म्हणणाऱ्यांनाही काढ, त्यांना परत विचारलं की फार वाईट वाटतं.

अविनाश:
मेल न बघणाऱ्यांचं काय? आमच्या वयाचे बरेच जण व्हॉट्सॲपच बघतात.

मेधाताई:
त्यांना मेलऐवजी व्हॉट्सॲप, दोन्हीकडे नको. पण कोण कुठे बघतं हे आपल्याकडे लिहिलेलंच नाही, फॉर्ममध्ये विचारायचं का?

सायली:
फॉर्म आधीच लांब आहे हो. ५चा मेल मी पाठवते, व्हॉट्सॲपवाल्यांची यादी अविनाशकाका तुम्ही द्याल का?