पुराची सुट्टी, ऑनलाइन हजेरी आणि शनिवारची भरपाई

धागाकर्ती (सातवीतील मुलाची आई, कोल्हापूर): मुलाच्या शाळेकडून आलेली सूचना अशी आहे: "अतिवृष्टीमुळे शाळा सोमवार ते शुक्रवार बंद राहील. रोज सकाळी ९ ते १२ ऑनलाइन तासिका होतील व हजेरी नोंदवली जाईल. बुडालेले पाच दिवस पुढील पाच शनिवारी पूर्णवेळ शाळा भरवून भरून काढले जातील." ऑनलाइन हजेरी घ्यायची आणि वर शनिवारही घ्यायचे, हे योग्य आहे का?

पालक, शाहूपुरी: माझ्या मते हा मुलांवर दुहेरी भार आहे. शिक्षकांनी शिकवले, मुलांनी हजेरी दिली, मग तो दिवस बुडाला असे कसे म्हणता येईल? ऑनलाइन वर्ग ग्राह्य धरावेत आणि शनिवार मोकळे सोडावेत.

निवृत्त मुख्याध्यापक: शाहूपुरीत वीज आणि नेट सुरू असेल तर आपले म्हणणे पटण्यासारखे आहे, परंतु त्याच वर्गातील सगळी मुले शाहूपुरीत राहत नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी त्या सुमारास आले की चिखली, आंबेवाडीकडील कुटुंबे सामान आणि जनावरे हलवण्याच्या धावपळीत असतात, तेव्हा त्यांच्या मुलांची नऊ वाजता पडद्यावर गैरहजेरी मांडणे अन्यायाचे आहे. ऑनलाइन तासिकांत उजळणी आणि सरावच घ्यावा, नवा पाठ सुरू करू नये आणि हजेरी केवळ संपर्कासाठी ठेवावी.

आता शनिवारचे गणित पाहू. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास अध्यापनाचे किमान प्रमाण आहे. दिवस आणि तास ही दोन वेगळी मोजमापे आहेत. शनिवारी शाळा आधीच अर्धवेळ भरते, म्हणून तो कामाचा दिवस पूर्वीच मोजला गेलेला असतो. तो पूर्णवेळ केल्याने तास वाढतात, दिवस वाढत नाही.

समजा, रोज पाच तासांप्रमाणे आपल्या शाळेचे २५ तास गेले आणि शनिवारी तीनऐवजी पाच तास शाळा भरली, तर दर शनिवारी दोनच तास मिळतात. पाच शनिवारांत दहा तास होतात, म्हणजे सूचनेतील भरपाई निम्मीसुद्धा होत नाही. त्याऐवजी सोमवार ते शुक्रवार रोज पस्तीस मिनिटांची एक जादा तासिका आणि शनिवारचे दोन तास असे धरले, तर आठवड्याला सुमारे पाच तास होतात आणि त्याच पाच आठवड्यांत हिशेब जवळजवळ पूर्ण होतो. दिवसांसाठी मात्र आधी विचारावे की वार्षिक नियोजनात २२० च्या वर किती दिवस राखून ठेवले आहेत. ते पुरेसे असतील, तर दिवाळीच्या सुट्टीला हात लावण्याची गरज नाही.

पालक, चिखली: आमच्याकडे दोन मुलांत एक मोबाइल आहे आणि पाणी वाढू लागले की सुरक्षिततेसाठी वीज बंद केली जाते. मागच्या पुरात आम्ही नातेवाइकांकडे होतो, तेव्हा मुलीची लागोपाठ गैरहजेरी लागली आणि शाळेने खुलासा मागितला. त्यामुळे हजेरीबाबत सरांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. जादा तासिका मात्र शाळा सुटल्यावर ठेवली, तर गावाकडची एस.टी. चुकते आणि पुढची गाडी उशिरा असते. ती तासिका सकाळी घ्यावी.

पालक, राजारामपुरी: मुख्य प्रश्न वेगळाच आहे. सुट्टीचा निरोप सकाळी सात वाजता आला, तोवर रिक्षा दारात उभी होती. त्या दिवसांचे रिक्षाचे पैसे कापले जाणार का, हे कोणीच सांगत नाही.

शिक्षिका, माध्यमिक विभाग: रिक्षाचा प्रश्न रिक्षाचालकांशीच बोलावा लागेल, सूचनेत तो मावणार नाही. सकाळी जादा तासिका घेणे शहरातील मुलांना जमेल, पण दुरून येणाऱ्या शिक्षकांना ती कठीण आहे. शिवाय उजळणीपुरतेच ऑनलाइन ठेवले, तर पहिल्या घटक चाचणीचा अभ्यासक्रम मागे पडतो. चाचणी आठवडाभर पुढे ढकलावी, असे मी आमच्या शाळेत सुचवले आहे, अजून निर्णय झालेला नाही.

निवृत्त मुख्याध्यापक: चाचणी पुढे न्यावीच. आणखी एक वाक्य सूचनेत हवे. पाऊस थांबला म्हणजे पाणी उतरले असे होत नाही. राधानगरीचा विसर्ग आणि वरच्या भागातील पाणी नंतरही नदीत येत राहते. म्हणून शहरात शाळा सुरू झाली तरी ज्या गावांचा रस्ता पाण्याखाली आहे, तेथील मुलांची रस्ता खुला होईपर्यंत गैरहजेरी लावली जाणार नाही, असे लेखी द्यावे.

पालक, शाहूपुरी: पस्तीस मिनिटांचा हिशेब मला पटला. तरीही ज्या मुलांनी पाचही दिवस वर्ग केले, त्यांना तेच पाठ पुन्हा बसून ऐकायला लावणे मला मान्य नाही. त्यांच्यासाठी त्या तासांत प्रयोग किंवा लेखनाचा सराव ठेवता येईल का, हे शाळेने सांगावे.

धागाकर्ती: हजेरी, गावाकडची मुले आणि राखीव दिवस हे तीन प्रश्न मी मुख्याध्यापकांना लेखी देत आहे. जादा तासिकेची वेळ पालक सभेतच ठरवावी लागेल.