शब्दचर्चा: मापनाआधीचा अंदाज, मापनानंतरचा अंदाज आणि ‘इनोव्हेशन’

अनुस्वार:
काल्मन फिल्टरवर मराठीत टिपण लिहिते आहे. उदाहरण मुद्दाम एकाच मितीतलं घेतलंय: सरळ रुळावर एक ट्रॉली धावते आहे आणि एक संवेदक दर सेकंदाला तिचं स्थान सांगतो, पण त्याचं वाचन थोडं इकडेतिकडे होतं. दर सेकंदाला दोन कामं करायची. आधी वेगावरून ट्रॉली आता कुठे असेल ते काढायचं, मग मापन हाती आलं की तो आकडा सुधारायचा. या दोन्ही आकड्यांना मी ‘अंदाज’ म्हणते आहे, आणि तिसऱ्या परिच्छेदापर्यंत कोणता अंदाज चाललाय हेच कळेनासं होतं.

दुसरी अडचण ‘इनोव्हेशन’ची. मापनातून मापनाआधीचा आकडा वजा केला की जे उरतं त्याला हे नाव आहे. कोशातले ‘नवप्रवर्तन’, ‘नवोन्मेष’ इथे अजिबात बसत नाहीत. तुम्ही काय वापरता?

भिंगरी:
पहिल्याला ‘भाकीत’ म्हणा आणि दुसऱ्याला ‘अंदाज’. प्रश्न मिटला.

इनोव्हेशनला सरळ ‘त्रुटी’ म्हणायला काय हरकत आहे? संवेदक भाकितापेक्षा जितका चुकला तितकी ती त्रुटी. आणि एकूण प्रकार म्हणजे भारित सरासरीच. गेन ०.२५ ठेवलं की संवेदकाला २५ टक्के वजन आणि भाकिताला ७५ टक्के. हे वजन आपण अनुभवाने एकदा ठरवायचं.

त्रिज्या:
‘भाकीत’ मलाही पसंत आहे. दुसऱ्यासाठी मी ‘सुधारित अंदाज’ लिहिते, नुसतं ‘अंदाज’ नाही. वाचणाऱ्याने मधूनच पान उघडलं तरी मापन विचारात घेतलंय हे त्याला कळायला हवं.

भारित सरासरी हेही बरोबर. पण वजन आपण ठरवत नाही, ते दर फेरीला नव्याने निघतं. फिल्टरचा जीव त्यातच आहे. स्थिर वजनाचे फिल्टरही असतात, पण काल्मनने १९६० साली मांडलेली पद्धत ती नव्हे. एका मितीत, वेग माहीत असेल तर, सगळी पद्धत एवढीच:

```
x = x + v*dt
P = P + Q
y = z - x
K = P / (P + R)
x = x + K*y
P = (1 - K)*P
```

पहिल्या दोन ओळी भाकिताच्या, उरलेल्या सुधारणेच्या. `z` म्हणजे मापन, `y` म्हणजे अनुस्वार यांचं इनोव्हेशन, `K` म्हणजे गेन. `P` ही आपल्या आकड्याची अनिश्चितता, तीही वर्गात मोजलेली, म्हणजे व्हेरियन्स.

ट्रॉलीचा वेग सेकंदाला २ मीटर धरू. रूळ, चाकं, वारा यांमुळे दर सेकंदाला थोडी अनिश्चितता वाढते, ती `Q` = १. संवेदकाची `R` = १२, म्हणजे त्याचं वाचन साधारण साडेतीन मीटरने हलतं. सुरुवातीला ट्रॉली शून्यावर आहे असं मानलंय, पण खात्री नाही, म्हणून `P` = ३५.

पहिलं भाकीत २ मीटर आणि `P` झाला ३६. मापन आलं १०. फरक ८. गेन ३६ भागिले ४८, म्हणजे ०.७५. सुधारित अंदाज २ + ६ = ८ मीटर, आणि `P` एकदम ९ वर उतरला. पुढचं भाकीत १० मीटर, `P` = १०. मापन आलं ७.८, फरक उणे २.२. या वेळी गेन १० भागिले २२, साधारण ०.४५. सुधारित अंदाज ९ मीटर.

गेन ०.७५ वरून ०.४५ वर आलं ते संवेदक बिघडला म्हणून नाही. तो होता तसाच आहे. भाकीत आता अधिक भरवशाचं झालंय, म्हणून मापनाचा वाटा कमी झाला. तिसऱ्या मापनाला गेन ०.३५, आणि नवव्यापर्यंत ०.२५ च्या अगदी जवळ. तिथे ते थांबतं, कारण दर सेकंदाला `P` भाकितात ३ वरून ४ वर चढतो आणि सुधारणेत पुन्हा ३ वर येतो. भिंगरी, तुमचं ०.२५ या उदाहरणात खरोखर येतं, पण ते `Q` आणि `R` यांच्यातून येतं.

‘त्रुटी’ला मात्र माझा विरोध आहे. वरचा ८ मीटरचा फरक कोणाची त्रुटी? बराचसा आपल्या सुरुवातीच्या अज्ञानाचा, काही संवेदकाचा. त्रुटी म्हटलं की कोणीतरी चुकलंय असं ठरून जातं, आणि इथे ते अजून ठरलेलं नसतं.

पूर्णविराम:
एक शंका. या फिल्टरला मराठीत ‘आवर्ती’ म्हटलेलं वाचलंय. मग ट्रॉली रुळावर पुन्हा पुन्हा मागेपुढे जात असेल तरच हे चालतं का? तुमच्या उदाहरणात ती एकाच दिशेने जाते आहे, म्हणून विचारतो.

त्रिज्या:
नाही, ट्रॉली कशीही जाऊ दे. आवर्तन गणिताचं आहे, गतीचं नाही. प्रत्येक फेरीचं उत्तर पुढच्या फेरीची सुरुवात होतं. वरच्या ओळी पाहा: जुनी मापनं कुठेच साठवलेली नाहीत. हजारावं मापन आलं तरी हाती दोनच आकडे असतात, `x` आणि `P`, आणि आधीच्या ९९९ मापनांतून जे घेण्यासारखं होतं ते त्यांत आलेलं असतं.

अनुस्वार:
पूर्णविराम यांचा गोंधळ मला पटला. आवर्ती दशांश, आवर्त सारणी, सगळीकडे ‘ठरावीक अंतराने तेच पुन्हा’ हाच अर्थ डोक्यात बसलेला असतो. टिपणात मी विशेषण काढून टाकून ‘मागच्या उत्तरावरून पुढचं उत्तर काढणारा’ असं लिहीन. लांब आहे, पण चुकीचं चित्र उभं राहत नाही.

खटपट्या:
माझा प्रश्न शब्दाचा नाही, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. मी एक छोटी चाकांची गाडी केली आहे. ती सरळ पट्ट्यावर पळते आणि अल्ट्रासॉनिक संवेदक अंतर मोजतो. फिल्टर अगदी वर दिलाय तसाच, वेग मी मोजून एकदाच लिहिलेला. सुरुवातीला छान चालतो. थोड्या वेळाने फिल्टरचा आकडा गाडीच्या पुढे पळायला लागतो आणि पुढेच राहतो. `P` तर लहान आणि स्थिर दिसतो, म्हणजे फिल्टर खूश आहे. संवेदक बदलावा का? कोणता घ्यावा?

त्रिज्या:
संवेदक इतक्यात बदलू नका. आधी `y` ची चिन्हं छापून बघा. बहुतेक ती सगळी उणे येत असतील.

बॅटरी उतरते तशी गाडी मंदावते, पण फिल्टर जुन्याच वेगाने भाकीत करत राहतो. माझ्या ट्रॉलीवर हिशेब करू. खरा वेग २ चा १ झाला असं समजा. प्रत्येक भाकितात १ मीटर जास्तीचा जातो. गेन ०.२५ असल्याने सुधारणा चुकीचा चौथा हिस्सा काढते आणि तीन हिस्से मागे ठेवते. काही वेळाने चूक स्थिरावते: भाकितात ४ मीटर पुढे, सुधारणेनंतर ३ मीटर पुढे, पुन्हा भाकितात ४. ही चूक वाढत नाही आणि जातही नाही. तुमची गाडी हेच दाखवते आहे.

आता `P` विषयी, कारण तिथेच फसायला होतं. वरच्या ओळींत `P` ज्यांच्यावरून निघतो त्यांत `z` कुठेही नाही. मापनं कितीही विचित्र आली तरी `P` तसाच चालतो. म्हणून फिल्टर ३ मीटरने चुकलेला असतानाही आपली चूक साधारण १.७ मीटरच आहे असं सांगत राहतो. तो खूश दिसतो, कारण तुम्ही दिलेला वेग आणि `Q` खरे आहेत असं त्याने धरलेलं आहे.

खरी साक्ष `y` देतो. सगळं जुळलेलं असेल तर `y` शून्याच्या दोन्ही बाजूंना पडायला हवा, आणि त्याचा पसारा `P + R` च्या वर्गमुळाएवढा असावा. ट्रॉलीत ४ + १२ = १६, म्हणजे ४ मीटर. साधारण दोन तृतीयांश वेळा ±४ च्या आत, आणि ±८ च्या बाहेर क्वचितच. मंदावलेल्या ट्रॉलीत `y` सरासरी उणे ४ भोवती फिरतो. सुटा उणे ४ अगदी नेहमीचा वाटेल. ओळीने पंधरा-वीस उणे आले तर मात्र संशय घ्यायलाच हवा.

यावरून इनोव्हेशन या नावाचा अर्थही लागतो. आधीच्या सगळ्या मापनांवरून जे सांगता आलं नसतं, तेवढंच यात उरायला हवं. थॉमस कैलाथ यांनी १९६८ मध्ये याच कल्पनेवर सगळी मांडणी उभी केली. `y` मागच्या `y` वरून ओळखता येऊ लागला की तो नवा उरला नाही, म्हणजे आपलं प्रारूप कुठेतरी चुकलंय.

भिंगरी:
मग खटपट्यांनी `Q` वाढवावा की. गेन वाढेल, फिल्टर मापनाच्या मागे धावेल.

त्रिज्या:
त्याने आराम पडेल, रोग जाणार नाही. `Q` एकाचा सहा केला तर गेन ०.५ वर स्थिरावतं आणि ट्रॉलीची ३ मीटरची चूक १ वर येते. त्याबदल्यात संवेदकाची थरथर जास्त आत शिरते. `Q` खूपच वाढवला तर उरतो नुसता संवेदक.

वेग बदलत असेल तर वेगालाही अज्ञात मानून स्थानाबरोबर फिल्टरमध्ये घेणं चांगलं. मग `P` एक आकडा राहत नाही, दोन बाय दोनचा तक्ता होतो, आणि स्थानाच्या मापनावरून वेगही दुरुस्त होत जातो. खटपट्या, तुम्ही हेच करून बघा.

खटपट्या:
चिन्हं पाहिली. सुरुवातीला मिश्र आहेत, नंतर जवळपास सगळी उणे. पण संवेदकच कायम जास्त अंतर दाखवत असता, तर तेही असंच दिसलं असतं ना?

त्रिज्या:
नाही, आणि ही या परीक्षेची मोठी मर्यादा आहे. समजा संवेदक कायम ५ मीटर जास्त दाखवतो आणि वेग बरोबर आहे. सुरुवातीला `y` एका बाजूला जाईल, पण हळूहळू अंदाजच ५ मीटर पुढे सरकेल आणि `y` पुन्हा शून्याभोवती येईल. सगळं निरोगी दिसेल, फक्त उत्तर ५ मीटरने चुकीचं. ते `y` वरून कळणार नाही. ज्ञात जागी गाडी उभी करून संवेदक वेगळा तपासावा लागतो.

अनुस्वार:
मग इनोव्हेशनला ‘नवांश’ कसा वाटतो? मापनातला नवा अंश. छोटा आहे.

भिंगरी:
नवांश ज्योतिषात आहे, राशीचा नववा भाग. शोधणाऱ्याला कुंडल्याच सापडतील. त्यापेक्षा ‘भाकितफरक’. काय वजा केलं ते तरी कळतं.

त्रिज्या:
‘भाकितफरक’ समजायला सोपा आहे, पण त्यात ‘नवं’पणा हरवतो, आणि नवेपणा तपासणं हेच तर `y` चं काम. मी सध्या ‘इनोव्हेशन’ असंच देवनागरीत लिहिते आणि पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य खर्च करते.

अनुस्वार:
मी ‘भाकितफरक’ घेऊन पाहते. आणि `P` ला आता नुसती ‘अनिश्चितता’ म्हणवत नाही. खटपट्यांच्या गाडीत खरी अनिश्चितता मोठी होती आणि `P` लहान. ‘मानलेली अनिश्चितता’ चालेल?

भिंगरी:
मानलेली तर `Q` आणि `R` आहेत. `P` त्यांच्यावरून काढलेली आहे. ‘हिशेबी अनिश्चितता’ म्हणा.